दिवसातून तीन वेळा टपाल

आमच्या वसतिगृहाच्या हॉलमध्ये गेल्या महिन्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी फोन आणि झोप यांबद्दल बोललो. सकाळी आठच्या तासाला निम्मा वर्ग डुलक्या घेतो, हे मी रोज फळ्यापाशी उभा राहून बघतो, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. जे बोललो ते इथे क्रमाने लिहितो आहे. फोन हातात घ्या आणि वाचता वाचताच करत चला. मी सांगतो त्या पायऱ्या अँड्रॉइड फोनच्या आहेत, कारण हॉलमधले बहुतेक फोन तेच होते. कंपनीगणिक सेटिंगची नावं थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग उघडून वरच्या शोधपट्टीत इथे दिलेला शब्द टाका.

पहिला दिवस: काहीही बदलू नका, फक्त बघा

Settings उघडा आणि Digital Wellbeing मध्ये जा. समोर एक गोल दिसेल, त्यात आजचा स्क्रीन टाइम असतो. गोलाखाली दोन आकडे असतात: फोन किती वेळा उघडला आणि किती नोटिफिकेशनं आली. त्यातल्या नोटिफिकेशनच्या आकड्यावर टिचकी मारली की कोणत्या अ‍ॅपने किती पाठवली याची यादी येते. आज अर्धाच दिवस झालेला असेल, म्हणून कालचा पूर्ण दिवस बघा, आणि तोही कॉलेज असलेला. रविवारचा आकडा फसवा असतो.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिचा फोन सगळ्यांना दाखवायची तयारी दाखवली, म्हणून पुढचं सगळं तिच्याच आकड्यांवर करू. तिच्या मंगळवारी २८७ नोटिफिकेशनं आली होती. त्यांतली व्हॉट्सअ‍ॅपची १६४, इन्स्टाग्रामची ४१, खरेदी-जेवण-रिक्षा मागवण्याच्या अ‍ॅपची मिळून ३८, बातम्या आणि गेमची २२, ईमेलची १४ आणि किरकोळ ८. फोन ११८ वेळा उघडला होता. स्क्रीन टाइम सहा तास बावन्न मिनिटं, त्यात इन्स्टाग्राम दोन तास चाळीस.

हॉलमध्ये हशा पिकला, पण हसणाऱ्यांपैकी तिघांचे आकडे तिच्यापेक्षा जास्त निघाले. स्क्रीन टाइमच्या आकड्यावर मी फारसा थांबलो नाही. त्यात ऑनलाइन व्याख्यान, नकाशा, आईशी व्हिडिओ कॉल सगळं एकत्र मोजलं जातं. तुमच्या कामाचे आकडे दोनच आहेत: फोन किती वेळा उघडला, आणि रात्री शेवटचं अ‍ॅप किती वाजता बंद झालं. दुसरा आकडा फोन थेट सांगत नाही. त्यासाठी उशाशी कागद ठेवा आणि तीन रात्री फोन खाली ठेवण्याची वेळ लिहा. तिच्या कागदावर आलं: १.४०, १.५५, १.३०.

दुसरा दिवस: तीन ढीग

आता या २८७ चे ढीग करायचे. अ‍ॅपप्रमाणे करू नका, कारण एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आई असते, वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे सीआर असतो आणि शाळेच्या मित्रांचा शुभ सकाळवाला ग्रुपही असतो. प्रत्येक नोटिफिकेशनला दोन प्रश्न विचारा. हे माणसाने पाठवलं की यंत्राने? आणि तासाभराने बघितलं तर काही बिघडेल का?

पहिला ढीग, म्हणजे माणसाने पाठवलेलं आणि लगेच बघावं लागणारं, फार लहान निघतो. त्या मुलीचा दिवसभराचा ढीग अकरा नोटिफिकेशनांचा होता: घरचे फोन, रूममेटचा ‘किल्ली कुठेय’ आणि प्रॅक्टिकलची बॅच बदलल्याचा सीआरचा निरोप. यांना आवाज राहू द्या. बँकेचा पैसे गेल्याचा एसएमएससुद्धा या ढिगात ठेवा, तो यंत्राचा असला तरी. आपण न केलेला व्यवहार लगेच कळणं बरं. ओटीपीची मात्र काळजी नको. तो येतो तेव्हा फोन तुमच्या हातातच असतो.

दुसरा ढीग यंत्राचा. ‘तुमची कार्ट वाट बघतेय’, ‘अमुकने बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला’, ‘आज बिर्याणीवर सूट’. हे कुणी माणसाने तुमची आठवण काढून लिहिलेलं नसतं. असं नोटिफिकेशन आलं की ते पुसून टाकू नका, त्यावर बोट दाबून धरा. त्यातून त्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे प्रकार उघडतात. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१७ पासून आहे: ऑर्डरची माहिती एका प्रकारात, जाहिराती दुसऱ्यात. जाहिरातीचा प्रकार बंद करा, ऑर्डरचा ठेवा. काही अ‍ॅपवाले दोन्ही मुद्दाम एकाच प्रकारात कोंबतात. मग सगळंच बंद करायचं आणि जेवण मागवलं असेल तेव्हा अ‍ॅप उघडून बघायचं. डबा खाली आला की आणणारा फोन करतोच.

तिसरा ढीग सगळ्यांत मोठा आणि अवघड: माणसांनी पाठवलेलं, पण घाई नसलेलं. वर्गाचा ग्रुप, गणपती मंडळाचा ग्रुप, चुलत भावंडांचा ग्रुप, फोटोवरचे लाइक. हे बंद करायचं नाही, गप्प करायचं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ग्रुपवर बोट दाबून धरा, म्यूट निवडा आणि मुदत विचारेल तेव्हा Always घ्या. आठ तासांची मुदत घेतली तर उद्या परत हेच करावं लागेल. शिवाय ग्रुप अर्काइव्ह केला की तो वरच्या यादीतून जातो आणि नवा मेसेज आला तरी वर येऊन बसत नाही. कुणी तुमचं नाव घालून मेसेज टाकला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तर मात्र म्यूट असूनही कळतं. खरं काम असलेला माणूस तुमच्यापर्यंत त्या वाटेने पोचतो.

इथे हॉलमध्ये मागच्या बाकावरून रास्त शंका आली: सर, वर्गाचा ग्रुप म्यूट केला आणि सबमिशनची तारीख बदलली तर? हा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. सूचना आणि गप्पा एकाच ग्रुपमध्ये असतील तर दोनशे गप्पांत एक सूचना शोधायला प्रत्येकाला दोनशे वेळा मान वर करावी लागते. सीआरने सूचनांचा वेगळा ग्रुप करायचा आणि त्याच्या सेटिंगमध्ये मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवतील असं ठेवायचं. त्या ग्रुपचा आवाज चालू, गप्पांच्या ग्रुपचा बंद. आमच्या दोन वर्गांनी हे त्याच संध्याकाळी केलं. तिसऱ्या वर्गात अ‍ॅडमिनच सतरा जण आहेत, तिथे अजून चर्चा चालू आहे.

ढीग झाल्यावर एक छोटं काम उरतं. आवाज गेला तरी अ‍ॅपच्या चित्रावरचा लाल ठिपका आणि आकडा राहतो, आणि तोही बोलावतोच. Settings मध्ये Notifications उघडून तिथला ठिपक्याचा पर्याय बंद करा. त्याच ठिकाणी गप्प नोटिफिकेशनं वरच्या पट्टीत दाखवू नयेत असाही पर्याय बऱ्याच फोनमध्ये मिळतो.

तिसऱ्या दिवसापासून: टपालाच्या वेळा

आता बरेच जण उत्साहात सगळंच बंद करतात. त्यात काय होतं हे तपासलेलं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३७ जणांच्या नोटिफिकेशनांवर वेगवेगळे प्रकार करून बघितले. ज्यांना ती दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा मिळाली त्यांचं लक्ष जास्त लागलं आणि मनही बरं राहिलं. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांना हे फायदे फारसे मिळाले नाहीत, उलट बेचैनी आणि काहीतरी चुकतंय ही धास्ती वाढली. हे वाचून मला आमच्या गावचं टपाल आठवलं. पोस्टमन दुपारी यायचा, म्हणून सकाळी कुणी दारात उभं राहत नसे. तो कधी येईल हे माहीत होतं, त्यामुळे वाट बघायची गरज नव्हती.

म्हणून तिसऱ्या ढिगाला वेळा द्या. त्या मुलीने ठरवल्या: दुपारी सव्वा वाजता जेवणानंतर, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री सव्वानऊला. प्रत्येक वेळी वीस मिनिटं. त्या वेळेत अर्काइव्हमधले ग्रुप उघडायचे, उत्तरं द्यायची, इन्स्टाग्राम बघायचं. आयफोनवाल्यांना ठरल्या वेळी गठ्ठा देणारी सोय २०२१ पासून फोनमध्येच आहे, तिचं नाव Scheduled Summary. अँड्रॉइडमध्ये गप्प केलेली नोटिफिकेशनं आणि मनगटावरचं घड्याळ, एवढ्यावर काम भागतं.

पहिले दोन दिवस उलटा परिणाम दिसतो आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. आवाज येत नाही म्हणून हात आपणहून फोनकडे जातो. त्या मुलीचा फोन उघडण्याचा आकडा ११८ वरून पहिल्या दिवशी १३१ झाला. तिला वाटलं उपाय फसला. फसलेला नव्हता. नोटिफिकेशन हे एक कारण गेलं, सवय हे दुसरं कारण अजून शिल्लक होतं. अशा वेळी फोन खिशातून काढून दप्तरात, तोही आतल्या कप्प्यात ठेवायचा. चेन उघडायला लागणारे चार सेकंद पुरतात. तेवढ्यात आपण कशाला फोन काढतोय हे आठवतं आणि निम्म्या वेळा आठवतं की कशालाच नाही. सहाव्या दिवशी तिचा आकडा ७४ होता.

अभ्यासाला बसताना फोन टेबलावर पालथा ठेवून भागत नाही. २०१५ चा एक प्रयोग असा आहे की लक्ष लागणारं काम करताना ज्यांच्या फोनवर नोटिफिकेशन आलं त्यांच्या चुका वाढल्या, आणि त्यांनी तर फोनला हातही लावला नव्हता. आलंय एवढं कळणंच पुरलं. म्हणून थरथरसुद्धा नको. Do Not Disturb लावा, पण आधी त्याचे अपवाद नीट करा. संपर्कांमध्ये आई, बाबा, रूममेट अशा चार-पाच जणांना तारा द्या आणि कॉलच्या अपवादात तारांकित संपर्क निवडा. तिथेच पुन्हा फोन करणाऱ्यांना परवानगी देणारा पर्याय आहे: तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन लावतो तेव्हा घंटी वाजते. हा पर्याय चालू ठेवा आणि घरी सांगून ठेवा, ‘काही तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लाव.’ आजी दवाखान्यात असताना फोन गप्प ठेवायची भीती वाटते, ती यामुळे जाते.

रात्र: उठण्याच्या वेळेपासून मागे मोजा

झोपेचं गणित मुलं झोपायच्या वेळेपासून सुरू करतात, म्हणून ते जमत नाही. झोप कधी यावी हे ठरवता येत नाही. उठायचं कधी हे ठरवता येतं. आठचा तास, बाथरूमची रांग आणि मेसचे पोहे धरून त्या मुलीला पावणेसातला उठायला हवं. तुमच्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, साडेसात धरू. म्हणजे सव्वाअकराला डोळा लागायला हवा आणि पावणेअकराला फोन हातातून जायला हवा. ती फोन ठेवत होती पावणेदोनच्या आसपास. रोज तीन तासांची तूट, आणि रविवारी अकरापर्यंत झोपून तिची भरपाई.

इथे एकाने विचारलं, ‘सर, स्क्रीन पिवळी केली तर?’ निळ्या उजेडाची गोष्ट खोटी नाही. बोस्टनच्या एका प्रयोगात बारा जणांनी पाच संध्याकाळी झोपण्याआधी चार चार तास उजळ पडद्यावर वाचलं, तेव्हा झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं प्रमाण निम्म्याहून खाली गेलं. पण कागदी पुस्तक वाचलं त्या रात्रींच्या तुलनेत झोप किती उशिरा लागली? सरासरी सुमारे दहा मिनिटं. तुमची झोप दहा मिनिटांनी नव्हे, तीन तासांनी हुकते आहे. उजेडाचा दोष थोडा आहे. मोठा दोष हा की रील संपतच नाही. पुस्तकाचं प्रकरण संपतं, सिनेमा संपतो, मेसचं जेवणसुद्धा संपतं. पिवळी स्क्रीन ठेवायची तर ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

फोनमधल्या Bedtime mode बद्दलही असाच गैरसमज आहे. तो रंग काढून टाकतो आणि फोन गप्प करतो, पण अ‍ॅप बंद करत नाही. काळीपांढरी रीलही रात्री दीडपर्यंत बघता येते. बघून झालेली आहे. मग मुलं अ‍ॅपला टायमर लावतात, इन्स्टाग्राम दिवसाला चाळीस मिनिटं वगैरे. त्यातली मेख अशी की हा टायमर मध्यरात्री नव्याने सुरू होतो. अकराला चाळीस मिनिटं संपली म्हणून तुम्ही तासभर इकडेतिकडे करता आणि बाराच्या ठोक्याला फोन आणखी चाळीस मिनिटं हातात देतो, नेमकी नको त्या वेळी.

त्याऐवजी Digital Wellbeing मधला Focus mode वापरा. त्यात इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि तुमची जी काही तिसरी असेल ती अ‍ॅप निवडा आणि वेळापत्रक लावा: रोज रात्री पावणेअकरा ते सकाळी पावणेसात. त्या वेळेत ती अ‍ॅप करडी होतात आणि उघडत नाहीत. पाच, पंधरा किंवा तीस मिनिटांची सवलत मागता येते, म्हणून ही भिंत काही किल्ल्याची नाही, कुंपणाची आहे. पण अंधारात अर्धवट झोपेत अंगठा आपोआप फिरतो तो इथे अडतो.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र सेटिंगचा नाही, जागेचा होतो. वसतिगृहात प्लग पॉइंट पलंगाच्या डोक्याशी असतो, म्हणून फोन उशाशी येतो. दीड-दोन मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि चार्जर खोलीच्या पलीकडच्या टेबलावर न्या. गजरासाठी फोनच लागतो असं म्हणाल तर तो तिथूनही ऐकू येतो, आणि बंद करायला उठावंही लागतं. गजराचा आवाज घंटीपेक्षा वेगळा लावावा लागतो, तेवढा तपासा. Do Not Disturb मध्ये गजराला परवानगी आहे ना हेही एकदा दुपारी दोन मिनिटांचा गजर लावून बघा. परीक्षेच्या सकाळी हा प्रयोग नको. रूममेट उशिरापर्यंत फोन बघत असेल तर त्याला अंधार करायला लावण्याऐवजी त्याच्याकडून एकच मागा: हेडफोन आणि पलीकडे वळलेला पडदा. एवढं लोक मान्य करतात.

पावणेदोनवरून पावणेअकरावर येताना

एका रात्रीत हे होत नाही. शरीराचं घड्याळ विशी-बाविशीच्या आसपास तसंही उशिरा चालतं. तुम्ही आळशी आहात म्हणून रात्री जागे नसता. सवय पावणेदोनची असताना सव्वाअकराला दिवा मालवला तर दोन तास छताकडे बघत पडाल, आणि तिसऱ्या रात्री फोन परत उशाशी येईल. म्हणून उठण्याची वेळ पहिल्याच दिवशी पावणेसात करा आणि तीच पक्की धरा, आणि फोन ठेवण्याची वेळ दर दोन दिवसांनी वीस मिनिटांनी अलीकडे घ्या. सुरुवातीला Focus mode ची वेळही त्याप्रमाणेच लावा. पहिले तीन-चार दिवस दुपारी डोळे मिटतील. जेवणानंतर वीस मिनिटांची डुलकी चालेल, संध्याकाळी पाचची दीड तासाची झोप चालणार नाही; ती रात्रीच्या झोपेतून वजा होते. उठल्यावर तोंड धुऊन गॅलरीत किंवा मैदानात दहा-पंधरा मिनिटं उजेडात जा. घड्याळ अलीकडे ओढण्याचं काम सकाळचा उजेड करतो.

रात्री दहाच्या टपरीवरच्या चहाचंही मोजा. कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे तीनला अर्धा कप अजून पोटात आहे असं धरा. टपरीवर जायला माझी ना नाही. लिंबू सरबतही तिथेच मिळतं.

अंथरुणात वीसेक मिनिटं होऊनही डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसा आणि मंद दिव्यात काहीतरी कागदावरचं वाचा. पेंग आली की परत जा. हे सगळं सांभाळूनही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर तो फोनचा प्रश्न राहिलेला नाही, डॉक्टरांना दाखवा. मन फार बेचैन असेल तर तीन महिने थांबूही नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर रात्रीही फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. अकराव्या दिवशी, गुरुवारी, ती बाराला फोन ठेवत होती. शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस झाला, झोपायला दोन वाजले आणि रविवारी ती अकराला उठली. रविवारी रात्री बारा काय, दीडपर्यंत झोप नाही, आणि सोमवारी आठच्या तासाला पुन्हा पहिल्या बाकावर डुलकी. सुट्टीच्या दिवशी चार तास उशिरा उठणं म्हणजे घड्याळ दूरच्या देशात नेऊन एका रात्रीत परत आणणं. पुढच्या आठवड्यात तिने रविवारचा गजर पावणेआठचा लावला, उठली, नाश्ता केला आणि दुपारी अर्धा तास झोपली. रात्री सव्वानऊला शेवटचं टपाल बघितलं. कागदावर वेळ लिहिलेली आहे: ११.४०.